रेझ्युमेतले पराक्रम पटण्याजोगे आहेत का? पद, कंपनीचा आकार आणि काळ लावून तपासताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भरतीचं काम करणाऱ्यांकडून आणि मुलाखत पॅनेलवर नव्याने बसलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न 5 मधलं उदाहरण मुद्दाम सविस्तर दिलं आहे. घाई असेल तर तेवढं वाचलं तरी चालेल.

1. हे म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच ना?

नाही. व्हेरिफिकेशनमध्ये उमेदवार तिथे कामाला होता का, कोणत्या पदावर होता आणि कधीपासून कधीपर्यंत होता, हे पाहतात. बऱ्याच कंपन्या माजी कर्मचाऱ्याबद्दल तारखा आणि पद याच्या पलीकडे काही सांगतच नाहीत. त्यामुळे "विक्री तिप्पट केली" हे वाक्य खरं की खोटं, ते व्हेरिफिकेशनमधून क्वचितच कळतं.

इथे आपण वेगळा प्रश्न विचारतोय: या पदावरच्या माणसाला, एवढ्या मोठ्या कंपनीत, एवढ्या महिन्यांत हे करणं शक्य होतं का? उत्तर "हो" आलं म्हणजे दावा सिद्ध झाला असं नाही. "नाही" आलं म्हणजे माणूस खोटारडा ठरला असंही नाही. मुलाखतीत नेमकं काय विचारायचं, एवढं मात्र नक्की कळतं.

2. सुरुवात कुठून करू? पद, आकार की काळ?

काळापासून. त्याला काहीच खर्च नाही, रेझ्युमेवरच्या दोन तारखा पुरतात. पण त्या महिन्यासकट हव्यात. "2018–2019" असं लिहिलेलं असलं तर तो माणूस तिथे दोन महिने असू शकतो (डिसेंबर ते जानेवारी) किंवा दोन वर्षं (जानेवारी ते पुढच्या वर्षीचा डिसेंबर). दोन्ही लिहायला बरोबरच आहे, पण एकात वार्षिक निकालाचा दावा बसतो आणि दुसऱ्यात बसत नाही.

महिने कळले की त्यातून कामाला हात लागायच्या आधीचा काळ वजा करा. नव्या माणसाला प्रॉडक्ट समजायला, अधिकार मिळायला आणि आधीच्याच्या हातातलं काम ताब्यात घ्यायला वेळ जातो. उरलेल्या महिन्यांत दाव्यातलं काम सुरू होऊन, संपून, वर त्याचा परिणाम मोजण्याइतका वेळ होता का, हे पाहा. आठ महिन्यांच्या नोकरीत "कर्मचारी सोडून जाण्याचं वार्षिक प्रमाण निम्म्यावर आणलं" असं कोणी लिहिलं, तर ते वार्षिक प्रमाण कोणत्या वर्षाचं, हा प्रश्न उरतोच.

3. कंपनी तेव्हा किती मोठी होती हे कसं शोधायचं? आज तर ती हजार लोकांची आहे.

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. उमेदवार तिथे सहा वर्षांपूर्वी होता आणि आपण आजचा आकडा धरून बसतो.

इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर कंपनीचा पत्ता टाकून त्या वर्षीचं "आमची टीम" किंवा "करिअर" पान उघडा. लहान कंपन्या तिथे बहुतेक वेळा फोटोसकट सगळी माणसं लावतात, आणि "चाळीस जणांचं कुटुंब" अशी वाक्यंही सापडतात. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर त्या वर्षीचा वार्षिक अहवाल पाहा. कर्मचारीसंख्या बहुतेक वेळा त्यात मिळते. लिंक्डइनवरचा आकडा अंदाजापुरताच धरा, कारण तिथे माणसं स्वतःच नाव जोडतात. ऑफिसातले जवळजवळ सगळे त्यात असतात, कारखान्यातले किंवा गोदामातले फारसे नसतात.

काहीच मिळालं नाही तर उमेदवारालाच विचारा: "तुम्ही रुजू झालात तेव्हा तुमच्या विभागात किती जण होते आणि सोडलंत तेव्हा किती?" तिथे खरोखर काम केलेल्याला याचं उत्तर आठवावं लागत नाही.

4. "300 टक्के वाढ" दिसली की मला तिथेच शंका येते. बरोबर आहे का?

शंका टक्क्यांवर नको, पायावर घ्या. महिन्याला 2 चौकशा येत होत्या त्या 8 झाल्या, तर ती 300 टक्के वाढच आहे, आणि एक बरा लेख लिहूनही ती होऊ शकते. 20,000 च्या 80,000 झाल्या तर तीही 300 टक्के. दोन्हींत कामाचा फरक जमीन-अस्मानाचा आहे आणि रेझ्युमेवरची ओळ मात्र एकच. म्हणून टक्केवारी दिसली की तिच्याशेजारी पेन्सिलीने "कशाच्या?" असं लिहायची सवय लावून घ्या.

दोन सापळे सांगून ठेवतो. लोक "300 टक्के वाढ" आणि "300 टक्क्यांवर नेलं" हे एकाच अर्थाने लिहितात. पहिल्यात चौपट होते, दुसऱ्यात तिप्पट. दुसरा सापळा असा: मूळ आकडाच टक्क्यांत असेल, जसं वेबसाइटवर येणाऱ्यांपैकी 2 टक्के लोक खरेदी करायचे ते 3 टक्के झाले, तर एक जण "1 टक्का वाढ" लिहील आणि दुसरा "50 टक्के वाढ". दोघंही खरं सांगतायत. आणि खर्च, वेळ किंवा चुका 100 टक्क्यांहून जास्त घटवल्याचं कोणी लिहिलं असेल, तर तिथे विचार करण्यासारखं काही नाही. ते शक्यच नाही.

5. एखादा दावा आकड्यांनी कसा तपासायचा, ते एकदा पूर्ण करून दाखवाल का?

हे नमुन्यादाखल रचलेलं उदाहरण आहे. उमेदवार सेल्स मॅनेजर. कंपनी 40 लोकांची, इतर कंपन्यांना हजेरी आणि पगाराचं सॉफ्टवेअर विकणारी. नोकरी 11 महिने. रेझ्युमेवरची ओळ: "वैयक्तिकरीत्या 240 नवे व्यावसायिक ग्राहक मिळवले."

आधी काळ. पहिला दीड महिना प्रॉडक्ट शिकण्यात गेला असं धरू. असं सॉफ्टवेअर घेताना समोरच्या कंपनीत एचआर, अकाउंट्स आणि आयटी असे तीन विभाग मान डोलावतात तेव्हा सही होते. म्हणून पहिल्या भेटीपासून करारापर्यंत तीन महिने धरू. म्हणजे पहिली सही साडेचार महिन्यांनंतर. उरले साडेसहा महिने. 240 ला साडेसहाने भागलं की महिन्याला साधारण 37 करार, म्हणजे कामाच्या प्रत्येक दिवशी जवळजवळ दोन.

मग पद. बोलणी सुरू झालेल्या पाच कंपन्यांपैकी एक सही करते असं धरलं (हा उदार अंदाज आहे), तर महिन्याला 185 नव्या कंपन्यांशी पहिली भेट हवी, म्हणजे दिवसाला आठ-नऊ. त्यात जुन्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या भेटी वेगळ्याच. एका माणसाच्या दिवसात हे मावत नाही.

बहुतेक जण इथे थांबतात. थांबू नका, आता आकाराकडे वळा आणि विक्रीनंतर काय होतं ते पाहा. ग्राहक आला की कोणीतरी त्याच्या कर्मचाऱ्यांची यादी, पगाराची रचना आणि सुट्ट्यांचे नियम सॉफ्टवेअरमध्ये भरून द्यावे लागतात. 40 जणांच्या कंपनीत या कामाला चार जण असतील आणि एका ग्राहकाला एका माणसाचे दोन आठवडे लागत असतील, तर महिन्याला आठ ग्राहक उभे राहतात. 37 उभे करायला अठरा-एकोणीस माणसं लागतील, म्हणजे जवळजवळ निम्मी कंपनी. मला ही बाजू जास्त भरवशाची वाटते, कारण विकणाऱ्याच्या धडाडीबद्दल वाद घालता येतो, पण दोन आठवड्यांचं काम तीन दिवसांत कसं झालं, हे समजावून सांगणं अवघड असतं.

तर हा दावा आहे तसा बसत नाही. म्हणून ओळ खोटी आहे का? "ग्राहक" या शब्दाचे तीन अर्थ संभवतात: टीमची एकूण बेरीज, फुकट ट्रायल घेणारे, किंवा शाखा. तिन्ही वेगळे काढणारा एकच प्रश्न मुलाखतीत विचारायचा: "या 240 पैकी किती जणांशी वेगळा करार झाला?"

समजा उत्तर आलं, "सात करार. त्यातला एक दुकानांच्या साखळीचा, तिची 212 दुकानं. प्रत्येक दुकानाचं खातं आणि बिल वेगळं." बाकी सहा करारांची मिळून 28 ठिकाणं. बेरीज 240. साडेसहा महिन्यांत सात करार सहज बसतात. एका दुकानाची घडी नीट बसली की बाकीची त्याच साच्यात घालता येतात, त्यामुळे चार माणसांत कामही उरकतं. आणखी एक प्रश्न विचारायचा: "साखळीशी पहिली भेट कधी झाली?" उत्तर आलं की बोलणी आधीच्या मॅनेजरने सुरू केली होती, यांनी दहा दुकानांत चाचणी घेतली आणि करार पूर्ण केला.

म्हणजे आकडा खरा, "ग्राहक" हा शब्द फुगवलेला आणि "वैयक्तिकरीत्या" अर्धवट. मी असा उमेदवार नाकारणार नाही. मोठी चाचणी उभी करून ती सहीपर्यंत नेणं हे स्वतःच चांगलं काम आहे. त्याने तेच का लिहिलं नाही, याचं मात्र वाईट वाटतं.

वरचे दीड महिना, तीन महिने, पाचात एक हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या क्षेत्रातले आकडे तुमच्याच कंपनीतल्या त्या पदावरच्या माणसाला विचारून घ्या.

6. लहान कंपनी आणि प्रचंड आकडा, म्हणजे थाप, असं समजायला हरकत नाही ना?

हरकत आहे. फेब्रुवारी 2014 मध्ये फेसबुकने व्हॉट्सअॅप घेण्याची घोषणा केली तेव्हा त्यांच्याकडे साधारण 55 कर्मचारी होते आणि महिन्याला वापरणारे 45 कोटी. एप्रिल 2012 मध्ये इन्स्टाग्राम विकलं गेलं तेव्हा तिथे 13 माणसं होती आणि नोंदणी केलेले सुमारे 3 कोटी. यातला एखादा इंजिनिअर "कोट्यवधी लोक वापरतात अशी सिस्टीम सांभाळली" असं लिहील तर ते अक्षरशः खरं आहे.

कोणता आकडा माणसांबरोबर वाढतो आणि कोणता त्याशिवायही वाढू शकतो, हे ओळखायला हवं. वापरकर्ते, डाउनलोड, पानांच्या भेटी हे माणसं न वाढवता फुगू शकतात. प्रत्यक्ष भेटीतून झालेली विक्री, सोडवलेल्या तक्रारी, घेतलेली प्रशिक्षणं, केलेल्या नेमणुका यांना हात लागतात. प्रश्न 5 मधला हिशोब या दुसऱ्या प्रकारालाच लावा.

7. सहा जणांच्या स्टार्टअपमध्ये "मुख्य तंत्रज्ञान अधिकारी" होतो, असं लिहिलेलं असतं. पद खरं धरू का?

पद खरं धरा, पण त्याचा अर्थ आकारावरून लावा. सहा जणांत तो कोड लिहितो, सर्व्हर बघतो आणि प्रिंटर अडकला की तोही सोडवतो. त्याने "पूर्ण प्रॉडक्ट मी बांधलं" म्हटलं तर पटतं. "विभागांमधला समन्वय साधून धोरण राबवलं" म्हटलं तर नाही पटत, कारण विभागच नव्हते.

हजारोंच्या कंपनीत याच्या उलट होतं. तिथल्या कनिष्ठ विश्लेषकाने "किमतीचं धोरण ठरवलं" असं लिहिलं असेल तर ते बहुधा ठरवणाऱ्याला आकडे काढून देण्याचं काम होतं. अशा वेळी क्रियापदाला धरून विचारा: "ठरवलं म्हणजे अखेरचा होकार कोणाचा होता? तुमची शिफारस कधी बदलली गेली का?" ज्याने खरंच काम केलं त्याची एखादी तरी शिफारस फेटाळली गेलेली असते, आणि ती त्याला चांगलीच लक्षात असते.

8. तेव्हा ते तंत्रज्ञान होतं तरी का, हे पाहायचं का?

हो, आणि याला मिनिटभरही लागत नाही. कुबरनेटीस जून 2014 मध्ये जाहीर झालं, डॉकर मार्च 2013 मध्ये, स्विफ्ट भाषा जून 2014 मध्ये. 2011–12 च्या नोकरीखाली "कुबरनेटीसवर सगळ्या सेवा हलवल्या" असं दिसलं तर तारीख चुकली आहे किंवा अनुभव.

चूक फक्त उमेदवारच करतात असंही नाही. जुलै 2020 मध्ये फास्टएपीआय बनवणाऱ्या सेबास्तियन रामिरेझ यांनी ट्विटरवर सांगितलं होतं की एका नोकरीच्या जाहिरातीत फास्टएपीआयचा चार वर्षांहून अधिक अनुभव मागितला आहे, आणि ते बनवून त्यांना स्वतःला जेमतेम दीड वर्ष झालं आहे. जाहिरातीच अशा असतील तर उमेदवारही वर्षं ताणणारच. आधी स्वतःची जाहिरात तपासा.

9. तारीख आधीची असूनही दावा खरा असू शकतो का?

दोन परिस्थितींत असू शकतो. पहिली, वस्तू जिथे जन्मली तिथेच माणूस असेल तर. रिअॅक्ट सगळ्यांसाठी मे 2013 मध्ये खुलं झालं, पण फेसबुकच्या आत ते 2011 पासून वापरात होतं.

दुसरी नियम-कायद्यांची. युरोपचा जीडीपीआर 25 मे 2018 पासून लागू झाला, म्हणून 2017 मधलं "जीडीपीआरचं काम केलं" खोटं वाटू शकतं. पण तो मंजूर झाला होता एप्रिल 2016 मध्ये, आणि मधली दोन वर्षं तयारीसाठीच होती. उलट, 2017 मध्येच "जीडीपीआरखालच्या ग्राहक तक्रारी हाताळल्या" असं कोणी म्हणत असेल तर थांबून विचारा.

10. आकडा बरोबर आहे, पण श्रेय त्या माणसाचं की त्या वर्षाचं?

हा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि 2020–21 च्या ओळींवर हमखास येतो. झूमने डिसेंबर 2019 मध्ये दिवसाला जास्तीत जास्त 1 कोटी सहभागी नोंदवले होते, एप्रिल 2020 मध्ये 30 कोटी. लाट अशी असताना त्या क्षेत्रातल्या कोणत्याही कंपनीत त्या वर्षी "वापर पाचपट केला" असं लिहिता येतं. (जाता जाता: झूमने आधी "30 कोटी वापरकर्ते" असं लिहिलं होतं, मग दुरुस्त करून "मीटिंगमधले सहभागी" केलं. दिवसात पाच मीटिंगना बसलेला माणूस पाचदा मोजला जातो. प्रश्न 5 मधल्या "ग्राहक"सारखंच.)

प्रवासाच्या क्षेत्रात उलटं घडलं. 2020 मध्ये पाया इतका खचला की 2021 ची कोणतीही वाढ डोळे दिपवते. तिथे 2019 शी तुलना मागा.

एकूण बाजार किती वाढला हे वजा करून उरलेलं श्रेय द्यावं, असं सांगणं सोपं आहे, पण तो आकडा हाताशी नसतो. म्हणून मी विचारतो: "तुमच्या बाजूच्या टीमचे किंवा स्पर्धकाचे आकडे त्याच काळात कसे होते?" प्रामाणिक उमेदवार लाटेचं नाव स्वतःच घेतो. आणि सगळं बुडत असताना "घट 10 टक्क्यांवर रोखली" असं लिहिणारा दिसला तर ती ओळ दोनदा वाचा. वाढीच्या ओळींच्या गर्दीत ती हमखास नजरेआड होते.

11. एकाच कंपनीतून आलेल्या तिघांनी तोच आकडा लिहिलाय. कोण खोटं बोलतंय?

बहुधा कोणीच नाही. एका प्रकल्पात प्रॉडक्टवाला, इंजिनिअर आणि विश्लेषक असे तिघं असतात आणि निकाल एकच असतो. तिघांना वेगवेगळं बोलवा आणि प्रत्येकाला विचारा की बाकीच्यांनी काय केलं. तिघांची उत्तरं जुळली तर तिन्ही ओळी ठीक. एकमेकांचे आकडे एकमेकांना सांगू नका.

12. उमेदवार म्हणतो, आकडे गोपनीय आहेत. पुढे काय?

ते खरंही असू शकतं, आणि करार मोडायला लावणं चुकीचं आहे. जो आज तुम्हाला जुन्या कंपनीचे आकडे सांगेल, तो उद्या तुमचेही सांगेल. निव्वळ रक्कम नको, गुणोत्तर मागा: सुरुवातीला आणि शेवटी किती पट फरक होता, टीम किती जणांची होती, मोजमाप कोण करायचं आणि किती दिवसांनी. पद्धत सांगायला गोपनीयता आड येत नाही. आकडाही नाही, पद्धतही नाही, आणि रेझ्युमेवर मात्र टक्केवारी ठळक छापलेली, असं असेल तर ती ओळ निर्णयात धरू नका.

13. ज्या रेझ्युमेत आकडेच नाहीत, त्याचं काय?

त्याला कमी लेखू नका. कित्येक कामांत माणसाला निकालाचा आकडा दाखवतच नाहीत. प्रश्न 12 मधलेच प्रश्न त्यालाही विचारा.

14. शंका आली तर तोंडावर सांगायचं का?

"हे शक्य नाही" असं म्हणू नका. तुमचे अंदाज चुकलेले असू शकतात, आणि घाबरलेला माणूस खरं असलं तरी नीट सांगू शकत नाही. "हा आकडा मला समजून घ्यायचाय, सुरुवातीपासून सांगा" एवढं पुरे. मग ऐका. ज्याने केलं, तो मधला अडलेला भाग आपणहून सांगतो: कोणत्या महिन्यात आकडा उलट खाली आला, कोण विरोधात होतं, काय सोडून द्यावं लागलं. ज्याने फक्त पाहिलं, तो सुरुवातीवरून थेट शेवटावर येतो.

हेच प्रश्न सगळ्या उमेदवारांना विचारा आणि उत्तरं लिहून ठेवा. नाहीतर ज्याचं कॉलेज किंवा बोलण्याची ढब आपल्यासारखी नाही, त्याचाच हिशोब आपण काटेकोरपणे करतो.

15. हिशोब बसला नाही, मुलाखतीतही उलगडा झाला नाही, पण बाकी उमेदवार उत्तम आहे. नाकारू?

ती ओळ रेझ्युमेतून खोडली असं समजा आणि उरलेल्या रेझ्युमेवर निर्णय घ्या. तरीही घ्यावासा वाटला तर घ्या. पण त्या ओळीमुळेच तुम्ही त्याला बोलावलं असेल, किंवा तिच्याच जोरावर तो वरचा पगार मागत असेल, तर उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. तारखा किंवा पद यांतच खोट निघाली तर हा प्रश्न वेगळा. तो प्रश्न 1 मधल्या व्हेरिफिकेशनचा विषय आहे आणि तिथे कंपनीचा जो नियम असेल तोच लावा.